आधी काय, मग काय? गांजा आणि तरुण मन

मानसोपचाराच्या ओपीडीत वीस-बावीस वर्षांचा मुलगा आईवडिलांबरोबर येतो, तेव्हा दोन ठाम मतंही त्यांच्यासोबत आत येतात. वडील बसता बसता सांगतात, "डॉक्टर, गांजानंच वाट लावली याची." मुलगा खाली बघत, पण तितक्याच ठामपणे म्हणतो, "सर, टेन्शन मला आधीपासूनच होतं. वीड ओढल्यावर बरं वाटतं, म्हणून ओढतो." आई दोघांकडे बघत असते. तिला एवढंच जाणून घ्यायचं असतं, की मुलगा पुन्हा पूर्वीसारखा होईल का.

हे पुस्तक या तिघांसाठी आहे. रोज, भरपूर आणि कोवळ्या वयापासून गांजा ओढणाऱ्या मुलांमध्ये तीन तक्रारी पुन्हा पुन्हा दिसतात. पहिली सततची घालमेल, म्हणजे मुलं जिला 'अँग्झायटी' म्हणतात ती. दुसरी, कशातच मन न लागणं, काही करावंसंच न वाटणं. तिसरी आणि सर्वांत गंभीर तक्रार म्हणजे सायकोसिस. त्यात माणसाचा वास्तवाशी धागा तुटतो, नसलेले आवाज ऐकू येतात, लोक आपल्या वाईटावर आहेत अशी खात्री पटते. तिन्हींना एकाच 'गांजामुळे'च्या खात्यात टाकलं की उपचार चुकतात. कारण प्रत्येकीचं कारण वेगळं असतं, आणि सुरू व्हायला व ओसरायला लागणारा काळही वेगळा असतो. घालमेल तासांत येते आणि आठवड्यांत ओसरते. उत्साह महिन्यांमागून महिने आटत जातो. सायकोसिसचा धोका वर्षांच्या हिशोबात वाढतो, आणि तो आजार गांजा सोडल्यावर आपोआप परतेलच असं नाही. म्हणून आम्ही डॉक्टर पहिल्या भेटीत 'गांजामुळे का?' या प्रश्नाशी अडत नाही. आधी काय झालं, मग काय झालं आणि कधी, हे विचारतो.

हे विचारलं नाही तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. ब्रिटिश सरकारनं 1893 साली भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन म्हणून तो ओळखला जातो. गांजामुळे वेड लागतं हा त्या काळी जवळजवळ सर्वमान्य समज होता आणि त्याला आधार होता वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक आकड्यांचा. आयोगानं त्या आकड्यांवर विसंबून न राहता 1892 सालच्या दाखल रुग्णांची कागदपत्रं एकेक करून पुन्हा तपासली. रुग्णाला बहुतेकदा पोलीस आणून सोडत. सोबतच्या कागदावर 'आजाराचं कारण' असा रकाना असे. घरचं कुणी सापडलं नाही, पूर्वेतिहास कळला नाही आणि माणूस गांजा ओढतो एवढं कानावर आलं, की रकान्यात 'गांजा' लिहिलं जाई. तेच पुढे नोंदवहीत उतरे आणि तिथून सरकारी आकडेवारीत. गांजा किंवा भांग हे कारण लिहिलेल्या 222 रुग्णांपैकी जेमतेम 98 जणांच्या बाबतीत ते कारण आयोगाला मान्य करता आलं. 1894च्या अहवालात माफक सेवनानं सहसा मनावर वाईट परिणाम होत नाही असं म्हटलं आहे. अतिसेवन मात्र अपायकारक आहे, आणि मुळात कमकुवत वा आनुवंशिक कल असलेल्या माणसात ते वेडाला निमित्त होऊ शकतं, हेही त्यात आहे. गांजाचे समर्थक पहिलं वाक्य सांगतात, विरोधक दुसरं. अहवालात दोन्ही आहेत.

पुढच्या सव्वाशे वर्षांत दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे गांजात नेमकं काय असतं ते कळलं. इस्राएलमध्ये मेशुलाम आणि गाओनी यांनी 1964 साली त्यातलं नशा आणणारं मुख्य द्रव्य वेगळं केलं. त्याला टीएचसी म्हणतात. पुढे असंही दिसलं, की मेंदूच्या पेशींवर टीएचसी जिथे जाऊन बसतं त्या जागा मुळात शरीराच्या स्वतःच्या रसायनांसाठी आहेत. पेशींमधली देवाणघेवाण फार वाढली की ही रसायनं तिला क्षणभर आवर घालतात आणि लगेच विरून जातात. टीएचसी मात्र त्याच जागा तासन्‌तास अडवून ठेवतं. रोज असं झालं की मेंदू त्या जागाच कमी करतो. रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये ही घट दिसली आहे, आणि ओढणं थांबवल्यावर साधारण चार आठवड्यांत ती बहुतांशी भरून निघते हेही दिसलं आहे. हे चार आठवडे लक्षात ठेवावेत, पुढे त्यांचा उपयोग आहे.

दुसरा बदल मालाच्या ताकदीचा. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजातलं टीएचसीचं प्रमाण 1995 साली सरासरी 4 टक्के होतं, 2014 पर्यंत ते 12 टक्क्यांच्या आसपास पोहोचलं. आपल्याकडे पुडीत मिळणाऱ्या मालाची ताकद घेणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि विकणाऱ्यालाही नसते. शिवाय आता बंद जागेत कृत्रिम प्रकाशात वाढवलेला 'हायड्रो' मुंबई विमानतळावर वारंवार पकडला जातो, त्यातला बराचसा बँकॉकहून आलेला असतो. तेव्हा 'आमचे आजोबाही चिलीम ओढायचे, त्यांना काही झालं नाही' हा युक्तिवाद करताना आजोबांच्या चिलमीत काय होतं आणि त्यांनी ती कितव्या वर्षी हाती धरली, हेही विचारायला हवं.

आता घालमेलीकडे येऊ. टीएचसीचा चिंतेवर होणारा परिणाम मात्रेनुसार उलटतो. थोड्या मात्रेत मन सैल होतं, जास्त मात्रेत छातीत धडधड, हातपाय गार, 'आता मी मरणार' किंवा 'मला वेड लागतंय' अशी भीती. ओढलेल्या गांजाचा हा झटका काही तासांत उतरतो. भांग किंवा गांजा घातलेला खाऊ पोटातून गेला तर परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात. 'काहीच होत नाहीये' म्हणून माणूस आणखी घेतो आणि मग तो झटका कितीतरी जास्त वेळ पुरतो.

घरच्यांना फसवणारी घालमेल मात्र वेगळी असते. ती गांजा घेतल्यामुळे होत नाही, तो न मिळाल्यामुळे होते. रोज ओढणाऱ्यानं थांबवलं की एक-दोन दिवसांत चिडचिड, बेचैनी सुरू होते, झोप उडते, भूक मरते, लागलेल्या झोपेत लख्ख, विचित्र स्वप्नं पडतात. पहिल्या आठवड्यात हे शिगेला पोहोचतं आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. हे न कळल्यामुळे मुलगा प्रामाणिकपणे सांगतो की वीडनं माझी अँग्झायटी जाते. संध्याकाळचा जॉइंट ज्या बेचैनीवर उतारा ठरतो, तिचा मोठा भाग आदल्या रात्रीच्या जॉइंटनंच आणलेला असतो. तरीही मुलाचं म्हणणं उडवून लावू नये. कित्येकांना खरोखरच आधीपासून चिंतेचा आजार असतो आणि तिथूनच ते गांजाकडे वळलेले असतात. दोन्हींतला फरक चार आठवडे पूर्ण बंद ठेवल्यावरच कळतो. ओसरली ती विथड्रॉवलची घालमेल, उरली ती मूळची, आणि तिच्यावर वेगळे उपचार आहेत.

दुसरी तक्रार, मन न लागण्याची. 'अमोटिव्हेशनल सिंड्रोम' हा शब्द 1968 पासून वापरात आहे, पण त्यामागचा पुरावा शब्दाइतका पक्का नाही. अंमल असताना माणूस मोबदल्यासाठी कमी मेहनत घेतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. दीर्घकाळ ओढणाऱ्यांच्या मेंदूत डोपामिन तयार होण्याची क्षमता कमी आढळली आणि ती जितकी कमी तितका निरुत्साह जास्त, असंही एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं. उलट, काही अभ्यासांत अंमल नसताना ओढणारे आणि न ओढणारे यांच्यात फारसा फरक सापडला नाही. माझ्या अनुभवात निरुत्साहाची तीन वेगळी कारणं निघतात. पहिलं साधं आहे: जो दिवसाचे आठ-दहा तास अंमलाखाली असतो, त्याला उरलेल्या वेळात अभ्यास जमत नाही. हे सोडल्यावर सुधारतं. दुसरं कारण डिप्रेशन, जे गांजाच्या आधीही असू शकतं. तिसरं कारण सर्वांत कमी वेळा ओळखलं जातं. स्किझोफ्रेनियाची चाहूल बहुतेकदा भासांनी लागत नाही. मुलगा एकलकोंडा होतो, मित्र सोडतो, आंघोळ टाळतो, बोलणं कमी करतो, आणि हे महिनोन्‌महिने चालतं. त्याच काळात तो गांजा ओढत असेल तर घरचे म्हणतात 'गांज्यानं आळशी झाला', मित्र म्हणतात 'चिल मारतोय', आणि आजाराची पहिली पायरी कुणाला दिसतच नाही.

तिसरी तक्रार सायकोसिसची. इथे आकडे हवेत, पण थोडे आणि नीट समजून घेतलेले. स्वीडनमध्ये 1969-70 साली लष्करी भरतीसाठी आलेल्या सुमारे 45 हजार तरुणांना गांजा-चरसाबद्दल विचारलं गेलं आणि पुढची पंधरा वर्षं इस्पितळांच्या नोंदींतून त्यांचा मागोवा घेतला गेला. 1987 साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला: पन्नासहून जास्त वेळा घेतलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट. घरची परिस्थिती, आधीचे मानसिक त्रास वगैरे हिशोबात धरल्यावर सहापट दुपटीच्या थोडं वर उतरलं. पण फरक पूर्ण नाहीसा झाला नाही.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या मुलांचा जन्मापासून अभ्यास चालू आहे. पंधराव्या वर्षापर्यंत गांजा सुरू केलेल्यांपैकी सुमारे 10 टक्के मुलांमध्ये सव्विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियासारखा आजार दिसला, इतरांमध्ये 3 टक्के. या अभ्यासाचं मोल असं, की मुलं अकरा वर्षांची असतानाच त्यांना भास होतात का, विचित्र शंका येतात का, हे विचारून ठेवलेलं होतं. ते धरून पुन्हा गणित केल्यावर फरक बराच कमी झाला. म्हणजे काही मुलं मुळातच त्या वाटेवर होती. युरोपातल्या आणि ब्राझीलमधल्या केंद्रांवर झालेला अभ्यास 2019 साली आला. रोज गांजा घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसची शक्यता सुमारे तिपटीनं जास्त आढळली, आणि रोज घेतलेल्या मालात टीएचसी 10 टक्के किंवा त्याहून अधिक असेल तर जवळजवळ पाचपट.

तिपटीचा अर्थ नीट लावू. स्किझोफ्रेनिया साधारण शंभरात एकाला होतो. धोका तिप्पट झाला तर शंभरात तिघांना होईल, सत्त्याण्णवांना होणार नाही. म्हणून मुलगा म्हणतो, 'माझे सगळे मित्र ओढतात, कुणालाच काही झालं नाही', ते बहुधा खरंच असतं. पण घरात रक्ताच्या नात्यात कुणाला हा आजार असेल तर सुरुवातीचा आकडाच एक नसतो. आईवडिलांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास असते. त्यावर रोजच्या गांजाची भर पडली तर गणित भीतिदायक होतं. चार गोष्टी एकत्र आल्या की आम्ही सावध होतो: लवकर सुरुवात, रोजचं सेवन, तेज माल आणि घराण्यात आजार.

हे एका मुलाच्या बाबतीत कसं उलगडतं ते सांगतो. ओळख पटू नये म्हणून अनेक रुग्णांचे तपशील मी एकत्र केले आहेत. मुलगा वीस वर्षांचा, गाव सातारा जिल्ह्यातलं, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, फ्लॅटवर मित्रांबरोबर राहणारा. आईची तक्रार: "घरी आला की आमच्या अंगावर धावून येतो हो. तिकडे म्हणे चांगला असतो." मुलाची तक्रार: "घरी आलो की मला अँग्झायटी होते." मी एक कोरा कागद आडवा धरला, मधोमध रेघ मारली आणि आईच्या हातात पेन दिलं. तारखा कुणाला आठवत नाहीत, सण आणि परीक्षा आठवतात. म्हणून रेघेवर आधी तेच लिहिले: दहावीचा निकाल, अकरावीचं क्लासचं वर्ष, सीईटी, पहिली गणपतीची सुट्टी, पहिलं सेमिस्टर, दिवाळी.

रेघेच्या वरच्या बाजूला मुलानं गांजा लिहिला. अकरावीत, सोळाव्या वर्षी, महिन्यातून एखादेवेळी मित्राच्या जॉइंटचे दोन झुरके. पुण्यात आल्यावर पहिल्या सेमिस्टरपासून रोज रात्री एक. दुसऱ्या वर्षी सकाळपासून चार-पाच. खालच्या बाजूला आईनं आणि सोबत आलेल्या मित्रानं काय दिसलं ते लिहिलं. पहिल्या वर्षी एटीकेटी. प्रत्येक सुट्टीत घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापासून चिडचिड, रात्रभर जागरण, जेवण नको. आठवड्यानं पुण्याला परतला की ठीक. इथेच पहिली गाठ सुटली. घरी गांजा मिळत नव्हता. ज्याला तो घरची अँग्झायटी म्हणत होता ती विथड्रॉवल होती, आणि ती ओसरण्याआधीच तो दर वेळी परत जात होता.

दुसरी गाठ मित्रानं सोडवली. चार-पाच जॉइंट सुरू व्हायच्या दोन महिने आधी यानं खोलीच्या खिडकीला वर्तमानपत्रं चिकटवली होती आणि फोनमधलं सिम काढून ठेवलं होतं. वरच्या मजल्यावरचे लोक आपलं बोलणं रेकॉर्ड करतात, असं तो म्हणायचा. म्हणजे संशय आधी आला आणि गांजा त्यानंतर वाढला. वाढलेल्या गांजानं संशय आणखी पक्का केला. दोघांनी एकमेकांना खतपाणी घातलं.

तिसरी गोष्ट आईनं अगदी शेवटी, मुलगा बाहेर गेल्यावर सांगितली. तिचा धाकटा भाऊ विसाव्या वर्षी 'देवाचं ऐकू येतं' म्हणत घर सोडून गेला होता. घरात त्याचं नाव काढत नसत. मुलाला असा मामा होता हेच माहीत नव्हतं.

त्यानं ओढणं थांबवलं. तिसऱ्या आठवड्यात झोप आणि भूक आली, घालमेल उतरली, वागण्यात मोकळेपणा आला. संशय मात्र तसाच होता. गांजाच्या अंमलातला संशय तासांत किंवा दिवसांत जातो. बंद केल्यानंतर महिनाभर टिकून राहिला तर निव्वळ गांजाचा परिणाम म्हणून त्याच्याकडे पाहता येत नाही. याच्या बाबतीत महिनाभर थांबण्याचा प्रश्नच नव्हता. मेसच्या डब्यात काही घातलंय म्हणून तो जेवत नव्हता, त्यामुळे सायकोसिसवरचं औषध पहिल्याच आठवड्यात सुरू केलं. काही महिन्यांत संशय विरळ होत गेला. औषध चालू आहे आणि एक वर्ष मागे पडून तो पुन्हा कॉलेजला जातो. त्याला स्किझोफ्रेनियाचं लेबल आम्ही घाईनं लावलं नाही, पण 'गांजा सुटला, आता औषधाची गरज नाही' असंही म्हणू दिलं नाही. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींत असं दिसलं आहे, की ज्यांना 'गांजामुळे आलेला सायकोसिस' असं निदान मिळालं त्यांच्यापैकी जवळजवळ निम्म्यांना पुढे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार झाला. म्हणून अशा मुलाचा फॉलोअप निदान काही वर्षं सुटता कामा नये.

वाचकांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घरी लघवीची तपासणी करून मुलाला पकडण्यात हशील नाही. रोज ओढणाऱ्याची तपासणी सोडल्यानंतरही कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यातून किती घेतलं, कधी घेतलं, काहीच कळत नाही, आणि खरं सांगणारा मुलगा खोटा ठरतो. कायद्याच्या भीतीनंही अनेक घरं डॉक्टरकडे येत नाहीत. एनडीपीएस कायद्याच्या कलम 64अ मध्ये व्यसनाधीन माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे. आवाज काहीतरी करायला सांगत असतील, घरच्यांवरच संशय असेल, रात्रीमागून रात्री झोप नसेल, जेवण सुटलं असेल किंवा जीव देण्याची भाषा असेल, तर चार आठवडे बघू असं म्हणू नये, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. कुठे न्यायचं कळत नसेल तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

पुढची प्रकरणं वाचण्याआधी एक कागद घ्या आणि त्यावर रेघ मारा. वर गांजा, खाली बदल, सणांच्या आणि परीक्षांच्या क्रमानं. मुलगा तयार असेल तर त्याच्यासोबत बसून भरा, नसेल तर आपल्याला जेवढं आठवतं तेवढं लिहा. घराण्यात कुणाला मानसिक आजार होता का, याची जागा त्यावर ठेवा आणि ती रिकामी सोडू नका, मग तो मामा असो, आत्या असो की आजी. 1892च्या त्या कागदांवर कारणाचा रकाना होता, पण क्रम आणि कुळाची माहिती सांगायला बहुतेकांचं कुणी नव्हतं. तुमच्या मुलासाठी तुम्ही आहात. ती माहिती घेऊन डॉक्टरकडे गेलात, तर 'कशामुळे' याचं उत्तर मिळायला वेळ लागला तरी पहिल्या भेटीत योग्य उपचार सुरू होऊ शकतात.